सहआरोपीला जामीन मिळाला, माझ्या पक्षकाराला नाही: ऊसतोड कामगाराच्या जामीन अर्जाचा मजकूर कसा लिहावा?

कोरापान

मी पश्चिम महाराष्ट्रातील एका जिल्हा न्यायालयात दोन वर्षांपासून वकिली करतो आहे. सत्र न्यायालयातला जामीन अर्ज पूर्णपणे माझ्या हातून लिहिला जाण्याची ही पहिलीच वेळ आहे, म्हणून मजकुराविषयी सल्ला हवा आहे.

माझा पक्षकार बीड जिल्ह्यातला ऊसतोड कामगार असून तो आरोपी क्र. ४ आहे. १२ जानेवारीच्या रात्री पाण्याच्या टँकरवरून दोन टोळ्यांमध्ये कोप्यांजवळच मारामारी झाली आणि सात जणांवर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०९, ११८(२), १९१(३) व १९० खाली गुन्हा नोंदवला गेला. फिर्यादीनुसार आरोपी क्र. १ ने फिर्यादीच्या डोक्यात कोयता मारला, आरोपी क्र. ३ ने त्याचे हात धरले, माझ्या पक्षकाराने पाठीत काठी मारली आणि आरोपी क्र. ५ ने पायावर काठी मारली. पक्षकाराला ३१ जानेवारीला त्याच्या मूळ गावातून अटक झाली. दोषारोपपत्रापूर्वीचा त्याचा अर्ज नामंजूर झाला होता. आता दोषारोपपत्र दाखल झाले आहे आणि दरम्यान आरोपी क्र. ३ व ५ यांना याच न्यायालयाने जामीन दिला आहे.

आधीच्या अर्जावर सरकार पक्षाने म्हणणे दिले होते की, आरोपी कायम एका पत्त्यावर राहत नाही, घटनेनंतर तो एकोणीस दिवस फरार होता, त्यामुळे त्याला जामिनावर सोडल्यास तो पुन्हा फरार होण्याची शक्यता नाकारता येत नाही. मी सध्या लिहिलेला परिच्छेद असा आहे:

«अर्जदार हा समाजातील प्रतिष्ठित व सुस्वभावी इसम असून त्याची समाजात पाळेमुळे घट्ट रुजलेली आहेत. तो कोठेही पळून जाणार नाही. सहआरोपी क्र. ३ व ५ यांना जामीन मंजूर झालेला असल्याने समानतेच्या तत्त्वानुसार अर्जदारही जामिनास पात्र आहे.»

हा परिच्छेद पुरेसा आहे का? नसेल, तर काय बदलावे?

बांधावरून

पॅरिटी हा तुमचा हुकमी मुद्दा आहे. एकाच गुन्ह्यात, त्याच कलमांखाली, त्याच न्यायालयाने दोघांना सोडले असेल, तर संविधानाच्या अनुच्छेद १४ नुसार तिसऱ्यालाही सोडावेच लागते. बाकी काही लिहिण्याची गरज नाही. अटक गावातून झाली ही गोष्ट तर अर्जात आणूच नका, कारण आपण होऊन फरारीचा विषय काढण्यात शहाणपण नाही.

जुनीखुर्ची

बांधावरून यांचे पहिले विधान अर्धेच बरोबर आहे आणि दुसऱ्याशी मी अजिबात सहमत नाही.

पॅरिटी आपोआप लागू होत नाही. रमेश भवन राठोड या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाचे जामिनाचे आदेश रद्द केले. पॅरिटी पाहताना आरोपीची भूमिका काय होती, घटनेत आणि जखमींच्या संदर्भात तो नेमका कुठे होता, हे तपासावे लागते आणि वरवरची तुलना पुरत नाही, असे तेथे म्हटले आहे. त्याआधी २०१४ मध्ये नीरू यादव प्रकरणात पॅरिटीवर दिलेला जामीन रद्द झाला, कारण त्या आरोपीची गुन्हेगारी पार्श्वभूमी उच्च न्यायालयाने विचारातच घेतली नव्हती. म्हणजे "त्याला मिळाला, मला द्या" एवढ्यावर भागत नाही. त्याला कोणत्या कारणाने मिळाला आणि ते कारण माझ्याही बाबतीत कसे खरे आहे, हे दाखवावे लागते.

त्यासाठी कोरापान यांनी आधी दोन्ही आदेशांच्या प्रमाणित प्रती काढून त्यातला कारणांचा भाग येथे सांगावा. तोवर मसुद्यावर बोलण्यात अर्थ नाही. दोषारोपपत्रातील आणखी दोन गोष्टी पाहून ठेवा: जखम दाखल्यात प्रत्येक जखम कशी नोंदवली आहे, आणि तुमच्या पक्षकाराविषयी पुरवणी जबाबांमध्ये फिर्यादीपेक्षा वेगळे काही आले आहे का.

चौकशीवाला

माझ्या मेहुण्याचे प्रकरण असेच होते, म्हणून लिहितो. पतसंस्थेच्या ठेवींच्या प्रकरणात त्याला अटक झाली होती. आमच्या वकिलांनी पासपोर्ट जमा करण्याची तयारी दाखवली आणि जामीन झाला. तुम्हीही पासपोर्टचे लिहा. शिवाय नव्वद दिवस झाले की जामीन मिळतोच ना? मग एवढा मजकूर कशासाठी लिहायचा?

जुनीखुर्ची

चौकशीवाला, नव्वद दिवसांत दोषारोपपत्र आले नाही, तरच तो हक्क मिळतो. येथे ते दाखल झालेले आहे. पासपोर्टबाबत म्हणाल, तर या माणसाकडे पासपोर्ट असण्याची शक्यता कमी आहे. नसेल, तर "अर्जदाराकडे पासपोर्ट नाही" हे एक वाक्य पुरे. नसलेली वस्तू जमा करण्याची तयारी दाखवली, तर अर्ज दुसऱ्याच कोणाच्या अर्जावरून उतरवला आहे, हे न्यायाधीशांच्या लगेच लक्षात येते.

कोरापान

सर, प्रती मिळाल्या. दोषारोपपत्र ११ एप्रिलला, म्हणजे पहिल्या रिमांडपासून सत्तराव्या दिवशी दाखल झाले आहे, त्यामुळे नव्वद दिवसांचा मुद्दा संपला. पासपोर्ट नाही.

आरोपी क्र. ३ ही महिला असून तिचे मूल आठ महिन्यांचे आहे. तिचा जामीन मुख्यतः त्याच कारणाने झाला आहे. आरोपी क्र. ५ च्या आदेशात तीन कारणे दिली आहेत: त्याच्यावर काठीच्या एकाच फटक्याचा आरोप आहे, त्याने झालेली जखम साधी आहे, आणि तपास पूर्ण होऊन दोषारोपपत्र दाखल झाले आहे.

जखम दाखल्यात तीन जखमा आहेत. डोक्यावरची जखम धारदार शस्त्राची असून तिच्याखाली हाड मोडले आहे. ती गंभीर आहे. पाठीवर डाव्या बाजूला मुका मार आहे आणि डाव्या पोटरीवर मुका मार आहे. या दोन्ही जखमा साध्या आहेत.

अडचण अशी की, एका साक्षीदाराच्या पुरवणी जबाबात "आरोपी क्र. ४ यानेही डोक्यात काठी मारली" असे आले आहे. आधीच्या अर्जाच्या वेळी हे कागद माझ्यासमोर नव्हते.

जुनीखुर्ची

आता अर्जाला आकार येतो.

आरोपी क्र. ३ ला तुलनेतून काढून टाका. महिला व तान्हे मूल हे कारण तुमच्या पक्षकाराला लागू होत नाही. दोन नावे लिहिल्याने मुद्दा दुप्पट होत नाही. सरकारी वकील आधी कच्च्या नावावर बोट ठेवतील आणि तोपर्यंत पक्क्या नावाकडे न्यायालयाचे लक्ष उरणार नाही. फक्त आरोपी क्र. ५ घ्या आणि त्याच्या आदेशातली तीन कारणे त्याच क्रमाने, आदेशाचा परिच्छेद क्रमांक देऊन, तुमच्या पक्षकाराशी जुळवून दाखवा.

पुरवणी जबाब लपवू नका, कारण सरकार पक्ष तोच पहिल्यांदा वाचणार आहे. त्याला उत्तर जखम दाखल्यातच आहे. डोक्यावर एकच जखम आहे आणि ती धारदार शस्त्राची आहे. काठीच्या फटक्याने होणारी दुसरी जखम डोक्यावर नोंदलेलीच नाही. स्वतः फिर्यादीनेही फिर्यादीत डोक्यातल्या काठीचा उल्लेख केलेला नाही. एवढे दोन वाक्यांत सांगा आणि तेथेच थांबा. साक्षीदार खोटा आहे, असे लिहू नका. साक्षीदाराच्या विश्वासार्हतेचा निर्णय खटल्यात होतो आणि जामिनाच्या टप्प्यावर तो वाद उकरला, तर न्यायालय नाराज होते.

सरकार पक्ष कलम १९० दाखवून म्हणेल की बेकायदेशीर जमावातला प्रत्येक जण सारखाच जबाबदार आहे, मग वैयक्तिक भूमिका कशाला पाहायची? हा युक्तिवाद त्यांच्यावरच उलटतो. तेच कलम आरोपी क्र. ५ लाही लावलेले होते आणि ते असतानाही न्यायालयाने त्याची स्वतंत्र भूमिका पाहिली.

सातबारा_ताई

मी ऊसतोड कुटुंबांच्या कामानिमित्त बरीच वर्षे न्यायालयात जाते, म्हणून दुसऱ्या भागावर लिहिते.

"समाजात पाळेमुळे घट्ट रुजलेली आहेत" हे वाक्य प्रत्येक अर्जात असते, म्हणून ते कोणी वाचत नाही. हुसैनारा खातून प्रकरणात १९७९ मध्ये न्यायमूर्ती भगवती यांनी पाळेमुळांसाठी काय पाहावे, हे सांगितले होते. किती वर्षांपासून वास्तव्य आहे, काम काय आहे, घरचे लोक कोण व कुठे आहेत, पूर्वी जामिनावर असताना हजर राहिला होता का, आणि त्याच्याबद्दल खात्री देणारे जबाबदार लोक कोण आहेत, अशा गोष्टी त्यात येतात. यातल्या प्रत्येकीला कागद जोडता येतो आणि कागद नसेल, तर ते वाक्य अर्जातून गाळावे.

सरकार पक्षाचे "कायम पत्त्यावर राहत नाही" हे म्हणणे ऐकायला ठीक वाटते, पण ऊसतोड कामगाराचे आयुष्य पाहिले की ते टिकत नाही. त्याचा कायम पत्ता गावीच असतो. साधारण दिवाळीनंतर तो उचल घेऊन निघतो, हंगाम संपला की त्याच घरी परततो आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच करतो. ही ये-जा दरवर्षी ठरलेल्या मार्गाने होते, तिला भटकणे म्हणता येत नाही. रेशनकार्ड, मतदार यादीतील नोंद, मुलांच्या शाळेचा बोनाफाईड दाखला, रोजगार हमीचे जॉब कार्ड, आई-वडील गावी असतील तर त्यांची नोंद, अर्धा एकर का असेना सातबारा असेल तर तो, असे कागद गोळा करा. विशेषतः शाळेचा दाखला घ्या. मुले गावच्या शाळेत आणि आजीजवळ असतील, तर बाप कुठे परतणार, हे वेगळे सांगावे लागत नाही.

आणि अटक गावातून झाली, हे जरूर लिहा. पळून जाणारा माणूस आधारकार्डावरच्या पत्त्यावर जाऊन बसत नाही.

बांधावरून

ताई, तुमचे म्हणणे पटते आहे, पण एकोणीस दिवस तो पोलिसांसमोर आला नाही, हे तर खरे आहे ना? न्यायाधीशांनी विचारले, तर काय सांगणार? मोबाइलही बंद असेल, तर आणखी अडचण.

कोरापान

मोबाइल चार दिवस बंद होता. पक्षकाराचे म्हणणे असे की, मारामारीनंतर मुकादमाने टोळी मोडली, सगळ्यांना गाडीत बसवून परत पाठवले आणि त्या गडबडीत चार्जर कोपीतच राहिला. याला कागदोपत्री पुरावा नाही. अटक पंचनाम्यात मात्र अटकेचे ठिकाण "आरोपीचे राहते घर" असेच लिहिले आहे.

मुकादम प्रतिज्ञापत्र देण्यास तयार आहे की, हा माणूस सात वर्षे त्याच्या टोळीत असून दर वर्षी परत येतो. ते जोडू का?

जुनीखुर्ची

चार्जरची गोष्ट अर्जात लिहू नका. ती खरी असली, तरी कागदाशिवाय कमकुवत वाटते. "टोळी विखुरल्यानंतर अर्जदार मूळ गावी परतला व तेथूनच, राहत्या घरातून, त्यास अटक झाली" एवढेच लिहा आणि अटक पंचनाम्याचे पान क्रमांकासह दाखवा. न्यायालयाने मोबाइलविषयी विचारले, तर तोंडी उत्तर द्या.

मुकादमाविषयी आधी दोषारोपपत्रातील साक्षीदारांची यादी पाहा.

कोरापान

सर, पाहिली. तो साक्षीदार क्र. ९ आहे. रुग्णवाहिका त्यानेच बोलावली होती. हे माझ्या लक्षातच आले नव्हते.

जुनीखुर्ची

मग त्याचे प्रतिज्ञापत्र कोणत्याही परिस्थितीत जोडू नका. सरकारी साक्षीदाराकडून आरोपीच्या बाजूने कागद लिहून घेतला, तर साक्षीदारांवर दबाव आणण्याची शक्यता आहे हे सरकार पक्षाचे म्हणणे तुम्ही स्वतःच सिद्ध करून द्याल. पळून जाणे, पुरावा नष्ट करणे आणि साक्षीदार फोडणे या तीन शंकांपैकी पहिली शंका घालवताना तिसरी ओढवून घेऊ नका.

सातबारा_ताई

साक्षीदार नसता, तरी मी मुकादमाला पुढे केले नसते. उचलीचे पैसे त्याने दिलेले असतात, म्हणजे अर्जदार त्याचा देणेकरी आहे. त्यामुळे "हा परत येईल" या वाक्यात त्याचा स्वतःचा हिशेब आहे. गावातल्या शाळेचे मुख्याध्यापक, पोलीस पाटील किंवा सख्ख्या भावाची जामीनदार म्हणून तयारी, यांना जास्त वजन आहे. पोलीस पाटलांनी लेखी दिले नाही, तरी चालेल. ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला मिळवाच.

दुपारची_यादी

एक गोष्ट राहू नये, म्हणून लिहितो. आधीचा नामंजूर झालेला अर्ज, त्याचा क्रमांक व दिनांक पहिल्याच पानावर लिहा. कुशा दुरुका प्रकरणात २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याबाबत स्पष्ट निर्देश दिले आहेत. एखादा जुना गुन्हा असेल, तर तोही लिहा.

कोरापान

जुना एक आहे. २०२१ मध्ये जुगाराच्या प्रकरणात दंड भरून तो निकाली निघाला. त्या प्रकरणात तो प्रत्येक तारखेला हजर होता, हे रोजनाम्यावरून दिसते.

सातबारा_ताई

मग तो गुन्हा तुमच्या उपयोगाचा आहे. प्रतिष्ठित इसम म्हणण्याऐवजी हे लिहा की, यापूर्वी एकदा न्यायालयाने बोलावले तेव्हा तो दरवेळी बीडला येऊन उभा राहिला.

कोरापान

सर्वांच्या सूचनांनुसार परिच्छेद नव्याने लिहिले आहेत:

«५. सहआरोपी क्र. ५ यास मा. न्यायालयाने जामीन मंजूर करताना आदेशाच्या परिच्छेद ७ मध्ये काठीचा एकच फटका, साधी जखम व पूर्ण झालेला तपास ही कारणे नमूद केली आहेत. अर्जदारावरील आरोपही काठीच्या एकाच फटक्याचा असून जखम दाखल्यातील जखम क्र. २ साधी आहे. पुरवणी जबाबात अर्जदाराने डोक्यावर काठी मारल्याचा उल्लेख आहे, परंतु फिर्यादीत तसे कथन नाही व डोक्यावर नोंद असलेली एकमेव जखम धारदार शस्त्राची आहे. अर्जदाराकडून कोणतीही वस्तू जप्त करणे शिल्लक नाही.

६. अर्जदार दरवर्षी ऊसतोडीच्या हंगामापुरता जिल्ह्याबाहेर असतो व हंगामानंतर मूळ गावी परततो. त्याची आई व दोन मुले तेथेच राहतात. मुले गावातील जिल्हा परिषद शाळेत शिकतात, दाखला निशाणी क. टोळी विखुरल्यानंतर अर्जदार त्याच घरी परतला व तेथूनच त्यास अटक झाली, अटक पंचनामा पान ४१. सन २०२१ च्या प्रकरणात अर्जदार प्रत्येक तारखेस हजर होता, रोजनाम्याच्या प्रती निशाणी ड. अर्जदाराकडे पासपोर्ट नाही.»

एक प्रश्न राहतो. पुढच्या हंगामात त्याला पुन्हा ऊसतोडीला जायचे आहे, कारण उचल फिटलेली नाही. जिल्हा सोडण्याची परवानगी आताच मागावी का?

जुनीखुर्ची

परिच्छेद उत्तम झाले आहेत. "मा. न्यायालयाने" हा शब्द प्रत्येक ओळीत येऊ नये, एवढी काळजी उरलेल्या अर्जात घ्या.

परवानगी आता मागू नका. परिच्छेद ६ मध्ये तुम्ही तो गावी राहतो असे सांगता आणि विनंतीत गाव सोडण्याची मुभा मागता, हे एकत्र वाचायला बरे दिसत नाही. जामीन झाल्यावर अट शिथिल करण्याचा स्वतंत्र अर्ज करता येतो.

सातबारा_ताई

येथे माझे मत सरांपेक्षा वेगळे आहे. हंगामी स्थलांतर हाच अर्जाचा गाभा असेल, तर ते लपवल्यासारखे का करायचे? कोणत्या तालुक्यात जाणार ते कळवीन आणि तेथील पोलीस ठाण्यात हजेरी देईन, असे लिहून दिले, तर पुढे अट मोडल्याचा आरोप होत नाही. अट शिथिल करण्याचा अर्ज दिवाळीपर्यंत निघत नाही, तोवर टोळी निघून गेलेली असते आणि माणूस अटीपेक्षा उचलीला जास्त घाबरतो. मी असे झालेले पाहिले आहे.

बांधावरून

मला दोन्ही बाजू पटतात, त्यामुळे मी येथे मत देत नाही. जामीनदाराचे मात्र बघून ठेवा. दुसऱ्या जिल्ह्यातला जामीनदार चालत नाही, असे आमच्याकडे सांगतात.

जुनीखुर्ची

असे सांगतात खरे, पण ते योग्य नाही. मोतीराम प्रकरणात १९७८ मध्ये हाच प्रश्न होता. गवंडीकाम करणाऱ्या एका गरीब माणसाकडे १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला गेला आणि त्याच्या भावाची जमीन दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून भाऊ नाकारला गेला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते चुकीचे ठरवले आणि रक्कम १,००० रुपयांवर आणली. विनंतीच्या परिच्छेदात "मूळ जिल्ह्यातील जामीनदार स्वीकारण्यात यावा" हे वाक्य घालून ठेवा.

कोरापान

काल आदेश झाला. जामीन मंजूर आहे. रु. २५,००० चा जातमुचलका व तितक्याच रकमेचा एक जामीनदार, तो मूळ जिल्ह्यातील असला तरी चालेल. दर पंधरा दिवसांनी गावच्या पोलीस ठाण्यात हजेरी आणि परवानगीशिवाय जिल्हा सोडू नये, अशा अटी आहेत. सरांच्या सल्ल्यानुसार मी परवानगी मागितली नव्हती. सुनावणीत मोबाइलविषयी विचारले गेले. मी टोळी मोडल्याचे सांगितले आणि न्यायालयाने पान ४१ उघडून पाहिले.

पक्षकार अजून आतच आहे. भावाचा सातबारा वडिलांच्या नावे निघाला आणि वारस नोंद झालेली नाही, त्यामुळे ऐपतीचा दाखला अडला आहे.

सातबारा_ताई

वारस नोंदीची वाट पाहू नका, तिला वेळ लागेल. चुलता किंवा मामा यांच्यापैकी कोणाच्या नावे स्वतंत्र खाते आहे का, ते आजच विचारा आणि आठ-अ चा उतारा मागवा. नसेल, तर जामीनदार मिळेपर्यंत तात्पुरता रोख जामीन घ्यावा, असा अर्ज द्या. सुटका महिन्याभरात झाली नाही, तर अटी बदलण्याचा विचार न्यायालयाने स्वतःहून करावा, असे सर्वोच्च न्यायालयाचे जानेवारी २०२३ चे निर्देश आहेत. त्यांचा उल्लेख त्या अर्जात करा.

कोरापान

मामाच्या नावे स्वतंत्र गट आहे. ते उद्या तलाठ्याकडे जाणार आहेत.